तीन महिन्यांनी घरी निघालेला पेशंट: गावच्या डॉक्टरांच्या हातात कोणती दोन पानं द्यायची

प्रश्न: मॅडम, मी मेडिसिनची सेकंड इयर रेसिडेंट आहे. आमच्या वॉर्डातला जीबीएसचा पेशंट जवळजवळ तीन महिन्यांनी घरी निघालाय. पुढे त्याच्या गावचे फॅमिली डॉक्टर बघणार आहेत. सरांनी त्यांच्यासाठी इंटर्व्हल समरी लिहायला सांगितली आहे. तीन जाड फायली आहेत, मी स्वतः या वॉर्डात फक्त पाच आठवडे आहे, आणि तारखेवार लिहीत गेले तर अकरा पानं झाली. यातलं काय ठेवू, काय काढू?

उत्तर:

ती अकरा पानं फाडू नकोस, फाइलला लावून ठेव. पुढेमागे कोर्टकचेरी किंवा विम्याचा प्रश्न आला तर लागतील. गावच्या डॉक्टरांना मात्र दोनच पानं दे, आणि त्यातलं पहिलं पान असं लिही की दुसरं त्यांनी उघडलंच नाही तरी पेशंटचं काही बिघडू नये. लिहायला सुरुवात आजच्या दिवसापासून कर आणि मागे जा. ॲडमिशनच्या दिवसापासून पुढे येत गेलं की अकरा पानं होतातच.

मी हे इतकं ठासून का सांगते ते आधी सांगते. एमडीला लागण्याआधी मी दोन वर्षं तालुक्याच्या गावी दवाखान्यात बसत होते. तिथे तिशीतला एक शेतकरी आला. फवारणीचं औषध पोटात गेल्यामुळे शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सव्वा महिना राहून तो घरी आला होता. दम लागतो म्हणाला. छातीला नळी लावली तर आवाज येत होता. मी दमा समजून वाफ दिली, डेरिफायलिन दिलं, स्टेरॉइड दिलं. थोडं बरं वाटायचं, दोन दिवसांनी पुन्हा दारात. असे अकरा दिवस गेले. अकराव्या रात्री तो खाटेच्या कडेला पुढे वाकून बसला होता आणि आवाज श्वास आत घेताना येत होता. नळी छातीवरून उचलून गळ्यावर ठेवली, तर तिथे तो दुप्पट मोठा. गळ्यातला पंचा बाजूला केला आणि ट्रॅकिओस्टॉमीचा व्रण दिसला. श्वासनलिका त्या जागी आक्रसून पेन्सिलीच्या जाडीहूनही कमी उरली होती. त्याच रात्री पाठवला, वाचला.

त्याचं डिस्चार्ज कार्ड नऊ पानांचं होतं. मी ते वाचलं होतं. रोजचे रक्तवायूंचे आकडे होते, प्रत्येक अँटिबायोटिकच्या तारखा होत्या. ट्रॅकिओस्टॉमी केल्याची आणि नळी काढल्याची एक ओळ सातव्या पानावर होती, आणि त्या ओळीने पुढे काय होऊ शकतं हे कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याच्या लेखी ती एक यशस्वी झालेली, संपलेली गोष्ट होती. माझ्यासाठी तीच एक गोष्ट चालू होती.

तुझ्या पेशंटचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून माझ्याच एका पेशंटचं उदाहरण घेते. तपशील थोडे बदलले आहेत. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची साथ आली, तेव्हाचा हा पेशंट. ५४ वर्षांचे गृहस्थ, साताऱ्याच्या पूर्वेकडच्या गावचे, मुलाकडे पुण्यात राहायला आले होते. आधी जुलाब झाले, मग आठवड्याने पायातली शक्ती गेली. २१ जानेवारीला दाखल झाले, तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर, २० एप्रिलला घरी. बरोबर नव्वद दिवस.

आधी औषधांचा कागद धर

सुरुवात प्रोग्रेस नोट्सपासून करू नकोस. तीन महिन्यांच्या नोट्समध्ये निम्म्या दिवशी 'तेच उपचार चालू ठेवा' एवढंच असतं. आजचा औषधांचा चार्ट समोर ठेव आणि त्यावरचं एकेक औषध घेऊन चार्टची पानं मागे उलटत जा, ते पहिल्यांदा कुठल्या दिवशी लिहिलं गेलं तिथपर्यंत. मग फक्त त्या दिवसाची नोट वाच. का सुरू केलं ते तिथे सापडतं. हे काम दीड-दोन तासांचं आहे, पण फाइलमधला खरा इतिहास यातूनच हाताला लागतो.

माझ्या पेशंटच्या चार्टवर अकरा औषधं होती. त्यात मेटोप्रोलॉल होतं. मागे जात गेले तर आठव्या दिवशी सुरू झालेलं सापडलं. तेव्हा नाडी १४० होती, कारण जीबीएसमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या नसांवरही घाव बसतो. ते वादळ पाच आठवड्यांपूर्वीच शमलं होतं. गोळी मात्र चार रेसिडेंटच्या हातून पुढे पुढे कॉपी होत आली होती. क्वेटियापिन होतं, आयसीयूत रात्री भ्रम व्हायचा म्हणून १९व्या दिवशी सुरू केलेलं. आता बायकोला ती 'झोपेची गोळी' म्हणून ठाऊक होती आणि घरी गेल्यावर वर्षभर चालली असती. पॅन्टोप्राझोल होतं, व्हेंटिलेटरवर पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेलं, व्हेंटिलेटर निघून दीड महिना झाला होता. अशी अकराची चार झाली. मेटोप्रोलॉल एकदम तोडता येत नाही, हळूहळू उतरवावं लागतं, म्हणून हे काम डिस्चार्जच्या आदल्या रात्री करण्यात अर्थ नाही. निदान आठवडाभर आधी कर.

जी औषधं उरतात त्यांच्यापुढे दोन गोष्टी लिहायच्या: कशासाठी आणि कधीपर्यंत. 'कधीपर्यंत' लिहिता येत नसेल तर ते कोण ठरवणार ते लिही. गावच्या डॉक्टरांची सगळ्यात मोठी अडचण हीच असते की मोठ्या हॉस्पिटलने सुरू केलेली गोळी बंद करायची कुणाच्या परवानगीने.

आणि घरची जुनी औषधं विसरू नकोस. या गृहस्थांना आधीपासून रक्तदाब आणि साखर होती. टेल्मिसार्टन ४० आम्ही दुसऱ्या दिवसापासून बंद केलं होतं, आणि अकरा पानांच्या कुठल्याच समरीत हे येत नाही, कारण चालू औषधांत ते नाही आणि दिलेल्या औषधांतही नाही. पण त्यांच्या बायकोच्या पिशवीत, आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर, रबर लावलेल्या त्या अर्ध्या स्ट्रिप्स होत्या. मी विचारल्यावर त्यांनी काढून दाखवल्या. "घरी गेल्यावर हे परत चालू करायचं ना?" बिछान्यावर पडून त्यांचा रक्तदाब १२४ होता, पाय खाली सोडून बसवलं की ९८. घरी ती गोळी सुरू झाली असती तर संडासात उभं राहतानाच ते कोसळले असते, तेही रक्त पातळ करणारं औषध चालू असताना.

पहिलं पान असं दिसलं

खरा कागद इंग्रजीत गेला, इथे मराठीत लिहिते.

> आज (२० एप्रिल): जीबीएसमधून सावरत आहेत. शुद्ध पूर्ण. तोंडाने मऊ अन्न घेतात, पाणी चमच्याने, मान पुढे झुकवून. धरून उभे राहतात, ४० सेकंद. चमचा धरता येतो, शर्टाचं बटण लावता येत नाही. एका श्वासात मराठीत ३१ पर्यंत मोजतात. वजन ५२ किलो (आजाराआधी ६८). लघवीची नळी नाही. माकडहाडावर ३ × २ सेंमी जखम, वरवरची, लाल, वास नाही.
>
> काय झालं: जुलाबानंतर जीबीएस. इम्युनोग्लोब्युलिन ५ दिवस. व्हेंटिलेटर ४२ दिवस. ट्रॅकिओस्टॉमी झाली, नळी २४ मार्चला काढली. दोनदा न्यूमोनिया. कोलिस्टिनमुळे मूत्रपिंडांना इजा, क्रिएटिनिन ३.१ पर्यंत चढून उतरलं. डाव्या पायाच्या शिरेत २६ फेब्रुवारीला रक्ताची गुठळी.
>
> औषधं, चारच: अपिक्साबॅन ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, पायातल्या गुठळीसाठी. २६ मेपर्यंत नक्की. त्या आठवड्यात आम्ही पाहून बंद करायचं की लांबवायचं ठरवू, तोवर परस्पर थांबवू नये. प्रीगॅबालिन ७५ रात्री, नसांच्या वेदनेसाठी. दुखणं कमी झालं की कमी करत बंद करता येईल, अचानक नको. मेटफॉर्मिन ५०० दोनदा. लॅक्टुलोज गरजेप्रमाणे.
>
> बंद आहे, सुरू करू नये: टेल्मिसार्टन. बसल्यावर रक्तदाब ९८ होतो. बसवून मोजलेला रक्तदाब सलग १४० च्या वर राहू लागला तर फोन करावा.
>
> देऊ नये: डायक्लोफिनॅक आणि त्या जातीची वेदनाशामकं. अमिकासिन, जेंटामायसिन. जीबीएससाठी म्हणून स्टेरॉइड. भूल द्यायची वेळ आली तर सक्सिनिलकोलीन नाही.
>
> त्याच दिवशी पाठवा: १) श्वास आत घेताना आवाज. हा दमा नाही, श्वासनलिका आक्रसली असेल. २) एका श्वासातली मोजणी २० च्या खाली. ३) उभे राहत होते ते राहता येईनासं झालं. ४) छातीत दुखणं, एकाएकी दम, काळं शौच.

याखाली माझं नाव, माझा मोबाइल, आणि मी नसेन तेव्हा कोणाला लावायचा तो दुसरा मोबाइल. हॉस्पिटलचा बोर्ड नंबर मी लिहीत नाही. तिथे एक दाबा, दोन दाबा करत गावचा डॉक्टर संपून जातो.

आता यातल्या तीन-चार ओळी अशाच का, ते सांगते. तुझ्या पेशंटला त्या लागू असतील तर घे.

'सुधारणा आहे' हे लिहू नकोस, काय करता येतं ते लिही

'हात-पाय तीन बाय पाच' असं आपण लिहितो. न्यूरॉलॉजिस्टला ते पुरतं, पण पाच आठवड्यांनी गावात पेशंटला पाहणाऱ्याला त्यावरून आज बरा आहे की मागे गेलाय ते ताडता येत नाही. ४० सेकंद उभं राहणं घड्याळावर मोजता येतं. बटण लागतं की नाही हे बायकोही सांगते. जीबीएसमध्ये हे फार महत्त्वाचं, कारण सुधारणा महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षं चालते आणि इतकी सावकाश की घरच्यांना ती थांबल्यासारखीच वाटते. सहा महिन्यांनीसुद्धा पाचातला साधारण एक जण आधाराशिवाय चालत नाही. त्यामुळे सावकाश सुधारणं हे काळजीचं नाही, मिळवलेलं गमावणं हे काळजीचं आहे. तीन महिन्यांनंतर शक्ती पुन्हा उतरू लागली तर तो जुनाच आजार रेंगाळतोय असं समजून टॉनिक आणि बी-ट्वेल्व्हवर काढायचं नाही. सीआयडीपी नावाचा दीर्घकाळ चालणारा भाऊबंद आजार असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

एका श्वासातली मोजणी तर तू आजच तुझ्या पेशंटची कर. बसवायचं, पूर्ण श्वास आत घ्यायला सांगायचं आणि सेकंदाला दोन या चालीने मोठ्याने आकडे म्हणायला लावायचं, मध्ये श्वास न घेता. धडधाकट माणूस पन्नासच्या आसपास जातो. वीसच्या खाली आला म्हणजे छातीचा भाता दमत चाललाय. शब्दांच्या लांबीमुळे आकडा भाषेगणिक थोडा बदलू शकतो, म्हणून कुठल्या भाषेत मोजलं ते लिहायचं आणि पेशंटची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशीच करायची. तोंडाच्या स्नायूंना अजून जोर नसेल तर आकडा तसाही कमी येतो, तेही लिही.

हे लिहिण्याचं खरं कारण ऑक्सिमीटर. कोविडनंतर तो प्रत्येक दवाखान्यात आहे आणि सगळ्यांचा त्यावर विश्वास बसलाय. फुप्फुसाच्या आजारात तो विश्वास योग्य आहे. स्नायू दमल्यामुळे श्वास उथळ होतो तेव्हा मात्र आधी कार्बन डायऑक्साइड साचतो आणि बोटावरचा आकडा बराच वेळ ९६-९७ दाखवत राहतो. तो घसरेपर्यंत वाट पाहिली तर अँब्युलन्समध्येच नळी टाकायची वेळ येते.

ट्रॅकिओस्टॉमीची ओळ

ही मी माझ्या त्या शेतकऱ्यासाठी प्रत्येक समरीत घालते. नळीचा फुगा जिथे दाबून बसलेला असतो किंवा जिथे भोक पाडलेलं असतं, तिथे आतून व्रण भरताना तो आवळत जातो. नळी काढल्यावर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत हे दिसू शकतं, म्हणजे नेमकं पेशंट घरी असताना. आधी फक्त चालताना दम लागतो, आणि हा पेशंट तर चालतच नाही, म्हणून ती पहिली खूण मिळत नाही. बसल्या जागी आवाज येऊ लागला म्हणजे वाट फारच अरुंद झालेली असते. दम्याचा आवाज श्वास सोडताना जास्त, छातीवर जास्त. हा श्वास घेताना जास्त, गळ्यावर जास्त. खोकून बेडका निघत नाही, आवाज बसतो, आणि वाफेने तात्पुरतं बरं वाटून दिशाभूल होते. 'ट्रॅकिओस्टॉमी झाली होती' एवढं लिहिलंस तर ती माहिती झाली. 'हा दमा नाही' असं लिहिलंस तर रात्री अकरा वाजता दवाखाना उघडणाऱ्या माणसाला ती उपयोगी पडते.

क्रिएटिनिन ०.६

घरी जातानाच्या रिपोर्टमध्ये ०.६ होतं, आणि पहिल्या मसुद्यात माझ्या रेसिडेंटने लिहिलं, 'मूत्रपिंडं पूर्ववत'. मी ती ओळ खोडली. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. नव्वद दिवसांत या माणसाचं सोळा किलो वजन गेलं होतं, त्यात मोठा वाटा मांड्यांचा आणि खांद्यांचा. एवढे स्नायू झडल्यावर मूत्रपिंडं अर्धवट सुधारलेली असली तरी आकडा छान दिसू शकतो. शक्य असेल तिथे आम्ही सिस्टॅटिन सी पाहतो, ते स्नायूंवर इतकं अवलंबून नसतं, पण तालुक्यात ते होत नाही. म्हणून समरीत आकड्याबरोबर वजन लिहायचं, आणि 'हा आकडा नॉर्मल समजून औषधांचे डोस ठरवू नयेत' असं स्पष्ट लिहायचं. दुसरी बाजूही लिहायची. स्नायू भरू लागले की क्रिएटिनिन ०.८-०.९ पर्यंत चढेल, त्याने घाबरायचं कारण नाही.

डायक्लोफिनॅकची मनाई यातूनच येते. गावात अंग दुखतंय म्हटलं की कमरेत ते इंजेक्शन जातं, ताप म्हटलं की अमिकासिन. दोन्ही तिथली रोजची, पेशंटच मागून घेतो अशी औषधं आहेत. इजा झालेल्या मूत्रपिंडांना दोन्ही नकोत, आणि अपिक्साबॅनबरोबर डायक्लोफिनॅक म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाला आमंत्रण. मग दुखल्यावर काय द्यायचं तेही लिही, नाहीतर मनाई कागदावरच राहते. आम्ही पॅरासिटामॉल लिहिलं, ५०० च्या गोळ्या दिवसाला जास्तीत जास्त चार, कारण वजन उतरलेलं आहे.

सक्सिनिलकोलीनची ओळ गावच्या डॉक्टरांसाठी नाही, त्यांच्यामार्फत पुढच्या भूलतज्ज्ञांसाठी आहे. नसांचा पुरवठा तुटलेल्या स्नायूंवर ते दिलं तर रक्तातलं पोटॅशियम एकदम उसळून हृदय थांबू शकतं. हर्नियाचं ऑपरेशन कुठल्या नर्सिंग होममध्ये, कधी होईल सांगता येत नाही. ॲलर्जीच्या रकान्यालगत ही ओळ असली की सापडते.

दुसरं पान

दुसऱ्या पानावर थोडकं. न्यूमोनियात सापडलेला जंतू कोणता आणि तो कशाला दाद देत नव्हता, कारण पुढचा ताप आला तर पहिलं अँटिबायोटिक निवडताना ते लागेल. त्याच्याखाली एक ओळ: लघवीच्या कल्चरमध्ये जंतू आले तरी ताप किंवा जळजळ नसेल तर औषध देऊ नये. इतके दिवस नळी राहिलेल्या माणसाच्या लघवीत जंतू सापडतातच आणि त्यांच्यामागे लागून आणखी दोन अँटिबायोटिकं वाया जातात. मग जखमेचं ड्रेसिंग, फिजिओथेरपी, पुढच्या भेटीच्या तारखा, आणि न आलेले रिपोर्ट: कोणता, कधी येणार, आणि आला की कोण कळवणार. 'रिपोर्टचा पाठपुरावा करावा' हे लिहू नकोस. पाठपुरावा आपला आहे, त्यांचा नाही.

संक्षेप सगळे उलगड. आपल्या वॉर्डात 'पीटी' म्हणजे फिजिओथेरपी, लॅबमध्ये पीटी म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्या पेशंटच्या कागदावर 'पीटी रोज' लिहिलेलं मी पाहिलेलं आहे. गावचे डॉक्टर बीएएमएस असतील, बीएचएमएस असतील, माझ्याहून वीस वर्षं जास्त अनुभवी एमबीबीएस असतील. आयसीयूची बोली कुणाच्याच रोजच्या कामातली नसते.

कागद पूर्ण व्हायच्या आधी त्यांना फोन कर. पेशंट निघाल्यावर नाही, निघायच्या दोन दिवस आधी. पहिलं पान वाचून दाखव, आणि विचार की यातलं तुमच्याकडे काय होऊ शकत नाही. माझ्या पेशंटच्या डॉक्टरांनी सांगितलं की गावात अपिक्साबॅन मिळत नाही, तालुक्याला सांगून मागवावं लागतं, तीन-चार दिवस जातात. ते ऐकलं नसतं तर सातव्या-आठव्या दिवशी गोळ्या संपून खंड पडला असता. आम्ही थेट २६ मेपर्यंतच्या गोळ्या सोबत दिल्या.

बायकोशीही बस, अर्धा तास. त्या तीन महिन्यांत रेसिडेंट बदलले, सिस्टर बदलल्या, कन्सल्टंटही रजेवर जाऊन आले. एकटी ती रोज तिथे होती. पाणी ग्लासने दिलं की खोकला येतो, चमच्याने दिलं की येत नाही, हे कुठल्याच नोटमध्ये नव्हतं, तिने सांगितलं. पहिल्या पानावरची चमच्याची ओळ तिची आहे. तिच्यासाठी मराठीत वेगळं एक पान कर, मोठ्या अक्षरात: चार गोळ्यांची नावं आणि वेळा, जुन्या स्ट्रिप्स घ्यायच्या नाहीत, आणि 'त्याच दिवशी पाठवा'च्या चार गोष्टी तिच्या भाषेत. ते पान तिच्याकडून एकदा वाचून घे.

तू पाच आठवड्यांपूर्वी आलीस, याबद्दल

हा तुझा दोष नाही, पण पुढच्या वेळी टाळता येतं. तीन आठवड्यांच्या पुढे राहिलेल्या प्रत्येक पेशंटची आम्ही आता दर महिन्याला आणि आयसीयूतून वॉर्डात येताना अर्ध्या पानाची टप्पा-नोंद लिहितो. त्यात चारच गोष्टी: या टप्प्यात काय नवीन झालं, कोणतं औषध का सुरू केलं आणि कधी थांबवायचं, कोणतं घरचं औषध थांबवलंय, कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही. पोस्टिंग बदलताना जाणारा लिहितो, येणारा वाचून सही करतो. नव्वद दिवसांच्या तीन नोंदी समोर असल्या की ही दोन पानं एका तासात होतात. तुझ्याकडे त्या नाहीत, म्हणून औषधांचा चार्ट मागे उलटत जाण्याला तूर्त पर्याय नाही. आणि तुझी समरी ही या पेशंटची शेवटची टप्पा-नोंद आहे असं समज, कारण तो तीन महिन्यांनी पुन्हा दाखल झाला तर तुझ्या जागी आणखी कुणीतरी असेल.

एक ओळ माझ्याही कागदातून राहून गेली होती. घरी गेल्यावर अठराव्या दिवशी त्या डॉक्टरांचा फोन आला. पेशंटच्या पायाला खुर्चीचा गंजका पत्रा लागला होता, आणि घरचे धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ देत नव्हते. लशीमुळे पुन्हा लकवा होईल, असं कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि त्यांना उत्तर सापडलं नाही. मी फोनवर घरच्यांशी बोलले, इंजेक्शन दिलं गेलं. तेव्हापासून जीबीएसच्या प्रत्येक समरीत 'देऊ नये'च्या खाली मी हे लिहिते, तूही लिही: 'हा आजार जुलाबानंतर आला, लशीनंतर नाही. जखम झाल्यास धनुर्वाताची लस द्यावी. तातडीची नसलेली कुठलीही लस देण्याआधी आम्हाला फोन करावा.' तुझ्या पेशंटला आजाराआधीच्या सहा आठवड्यांत एखादी लस दिली गेली असेल, तर ही ओळ वेगळी होईल. ते आज संध्याकाळीच विचारून घे.